कांदा साठवणुकीचा स्टार्टअप: 25 लाख देण्याआधी काय तपासाल?

प्रश्न: मी अंबडला सुट्या भागांचा छोटा कारखाना चालवतो. भाच्याच्या तीन मित्रांनी स्टार्टअप काढलाय. लासलगावजवळ 1000 टनांचं, पंख्यांनी हवा खेळती ठेवणारं कांद्याचं गोदाम बांधणार आणि शेतकऱ्याकडून महिन्याला किलोमागे 60 पैसे भाडं घेणार. म्हणतात, शेतकऱ्याच्या कांदाचाळीत 40 टक्के कांदा जातो, आमच्याकडे 10 टक्केच जाईल. देशात 20,000 कोटींची बाजारपेठ आहे म्हणे. खर्च दीड कोटी, त्यात 1 कोटी 10 लाख बँकेचं कर्ज. माझ्याकडे 10 टक्के हिश्शासाठी 25 लाख मागतात. मुलं हुशार आहेत, पण मला शेतीतलं काही कळत नाही. काय बघून ठरवू?

उत्तर:

शेतीतलं कळत नाही म्हणता, पण तुम्हाला कारखान्याचा हिशेब कळतो. इथं तेवढा पुरतो. मी बँकेत बरीच वर्षं शेतीकर्जं बघितली, त्यातली बहुतेक निफाड-येवला पट्ट्यात. आता नाशकातल्या काही जणांबरोबर नव्या कंपन्यांत थोडे पैसे घालतो. माझी सवय अशी, की स्लाइड बाजूला ठेवायच्या आणि आधी गिऱ्हाइकाच्या बाजूनं एका नगाचा हिशेब मांडायचा. तुमच्या बाबतीत नग म्हणजे एका शेतकऱ्याचा एक क्विंटल उन्हाळ कांदा.

समजा त्यानं मे महिन्यात 100 किलो कांदा ठेवला आणि सप्टेंबरात काढला. घरच्या चाळीत 30 किलो गेला, 70 उरला. मुलांच्या गोदामात 15 किलो गेला, 85 उरला. मी 40 आणि 10 धरलेले नाहीत, कारण पहिला आकडा वाईट चाळीचा असतो आणि दुसरा चांगल्या दिवसाचा. म्हणजे शेतकऱ्याला जास्तीचा मिळाला 15 किलो. त्याबदल्यात भाडं चार महिन्यांचं 240 रुपये. चाळ त्याच्या खळ्यालाच असते, गोदाम नसतं. म्हणून ट्रॉलीचं भाडं आणि चढ-उताराची हमाली क्विंटलमागे 90 रुपये धरू. एकूण 330. ते 15 किलोंतून वसूल व्हायचे तर सप्टेंबरात किलोला 22 रुपये भाव हवा. भाव 25 असला तर त्याच्या हातात क्विंटलमागे 45 रुपये जास्त पडतात. भाव 15 असला तर त्याला 105 रुपयांचा फटका बसतो.

आता मुलांना पहिला प्रश्न हा विचारा, की 22 च्या खाली भाव गेला त्या वर्षी शेतकरी तुमच्याकडे का येईल? त्यांनी समस्या कशी मांडली आहे ते बघा. ‘कांदा सडतो’ ही खरी गोष्ट आहे, पण ती समस्या कोणाची आणि तो ती सोडवायला किती पैसे मोजेल, हे त्यात येत नाही. मे महिन्यात शेतकऱ्यापुढे खरा पेच वेगळाच असतो. सोसायटीचं कर्ज जूनअखेर भरायचं असतं, खरिपाचं बी-खत आणायचं असतं, पोरांच्या फिया असतात. ज्याला थांबणं परवडतं, त्यानं बहुधा चाळ बांधलेली असते. ज्याला परवडत नाही, त्याचा कांदा मे महिन्यातच लिलावात गेलेला असतो, त्याला गोदामाचं काय कौतुक? मुलांचं गिऱ्हाईक या दोघांच्या मधलं आहे. ते आहे, पण अरुंद आहे.

चाळीचा आणखी एक गुण स्लाइडवर कधीच येत नाही. शेतकरी सकाळी उठून चाळीत हात घालतो, वास घेतो, आणि भाव चढला त्या दिवशी ट्रॅक्टर भरून पिंपळगाव किंवा लासलगाव गाठतो. माल त्याच्या नजरेसमोर असतो. गोदामात ठेवला की किल्ली दुसऱ्याकडे. म्हणून विचारा, माल कधी काढायचा हे कोण ठरवणार, आणि शेतकऱ्यानं रात्री फोन केला तर पहाटे ट्रॉली भरून मिळेल का? याचं उत्तर ‘अ‍ॅपवर विनंती टाकायची’ असं आलं, तर समजा अजून कोणी विचारलेलं नाही.

मग येतो 10 टक्क्यांचा दावा. तुमचा पैसा याच आकड्यावर उभा आहे, म्हणून इथं घाई करू नका. कांद्याची घट तीन तऱ्हांची असते. एक, सुकून वजन कमी होतं, कांदा ठणठणीत असला तरी. दुसरी, सड. तिसरी, कोंब. यातली सुकवण कुठल्याही गोदामात पूर्ण थांबत नाही, आणि पंखे जास्त चालवले तर ती वाढूही शकते. सड मुख्यतः पावसाळ्याच्या दमट हवेत, जुलै-ऑगस्टात जोर धरते. कोंब त्यानंतर. त्यामुळे चाचणी एप्रिलला सुरू करून जूनच्या शेवटी संपवली असेल, तर तिला काही अर्थ नाही. त्या दिवसांत साधी चाळही चांगलीच वागते. मला अशा सादरीकरणात बहुतेक वेळा नेमकी हीच चाचणी दिसते, कारण गुंतवणूकदारांना दाखवायची तारीख जुलैत असते.

याच प्रकारचा एक प्रस्ताव आमच्याकडे आला होता, तेव्हा मी निफाड तालुक्यात त्यांची जागा बघायला गेलो. ऑगस्टचा दुसरा आठवडा, बाहेर झिमझिम. मुलानं मोबाइलवर आलेख दाखवला, आर्द्रता 65 ते 70 च्या दरम्यान, अगदी पुस्तकात असावी तशी. मी विचारलं, सेन्सर कुठं आहे? तो पंख्याच्या तोंडाशी, डोक्याच्या उंचीवर टांगलेला होता. कोरडी केलेली हवा आधी तिथंच पोचत होती. मी ढिगाच्या मध्यावर गुडघे टेकले आणि कोपरापर्यंत हात घातला. वरचे कांदे खुळखुळत होते. खालून काढलेल्या तिघांपैकी दोघांच्या माना चिकट होत्या, आणि एकाचं साल अंगठ्यानं दाबल्यावर सरकलं. ढिगाची उंची त्यांनी जागा वाचवायला वाढवली होती, हवा मध्यापर्यंत पोचतच नव्हती. आलेख खोटा नव्हता, पण तो पंख्याचा होता, कांद्याचा नव्हता.

तुम्ही आलेखाऐवजी काट्याच्या पावत्या मागा. त्याच शेतकऱ्याचा, त्याच शेतातला, त्याच दिवशी काढलेला माल दोन भागांत केलेला असला पाहिजे, अर्धा त्याच्या चाळीत आणि अर्धा यांच्याकडे. दोन्हीकडची आवक वजन करून आणि जावक निवड करून, म्हणजे चांगला माल, गोल्टी म्हणजे बारीक कांदा आणि खाद म्हणजे खराब माल, हे वेगवेगळं मोजून. किमान जूनपासून ऑक्टोबरपर्यंत. पाच-सहा शेतकऱ्यांचा असा माल असेल, तर सरासरीपेक्षा त्यातला सगळ्यात वाईट निकाल बघा. कारण कांदा टिकणं हे निम्मं शेतातच ठरतं. काढणीआधी पाणी वेळेवर तोडलं का, नत्र उशिरा दिलं का, माना नीट वाळवून दोन-अडीच सेंटिमीटर ठेवून कापल्या का, काढणीत अवकाळी आला का. गोदामवाल्याच्या हातात यातलं काहीच नसतं. आणि म्हणूनच करारात लिहिलेलं हवं, की 15 च्या जागी 25 टक्के गेलं तर भरपाई कोण देणार. शेतकरी म्हणणार तुम्ही सडवला, हे म्हणणार तुम्ही ओला आणला. हे वाक्य करारात नसेल, तर पहिल्याच वाईट पावसाळ्यात सगळी भांडणं तुमच्या कंपनीच्या दारात येतील.

लासलगावलाच भाभा अणुसंशोधन केंद्रानं उभारलेलं विकिरण केंद्र आहे. कमी मात्रेच्या विकिरणानं कांद्याला कोंब येत नाही, हे शास्त्र पक्कं आहे. पण सुकवण आणि सड त्यानं थांबत नाही. कांद्याच्या गावात उभं राहिलेलं ते केंद्र 2007 पासून गाजलं ते अमेरिकेला जाणाऱ्या आंब्यामुळे. यंत्र चालतं आणि यंत्राचा खर्च कांद्याच्या भावात बसतो, या दोन निराळ्या गोष्टी आहेत.

बाजारपेठेच्या स्लाइडवर फार वेळ घालवू नका. 20,000 कोटी ही देशातल्या कांद्याची किंमत असेल, पण मुलं कांदा विकत नाहीत, जागा भाड्यानं देतात. शिवाय ट्रॉली वीस-पंचवीस किलोमीटरपलीकडून येणार नाही. तेवढ्याच वर्तुळातली गावं मोजा. मुलांना सांगा, एका गावात घरोघर जाऊन या. समजा गावात कांदा करणारी 300 घरं निघाली, त्यातल्या 240 कडे चाळ आहे. उरलेल्या 60 पैकी 40 जणांना मे महिन्यातच पैसा लागतो. राहिली 20 घरं, प्रत्येकी 10 टन, म्हणजे 200 टन. त्यातलाही प्रत्येक जण यांच्याकडे आला तर पाच गावं मिळून एक गोदाम भरतं. निम्मेच आले तर दहा गावं लागतात. हे आकडे मी उदाहरणादाखल घेतलेत, खरे त्यांनी आणायचे. पण ज्या संघानं असं एकही गाव मोजलेलं नाही, त्याच्याशी तिसऱ्या वर्षीच्या दहा-बारा गोदामांवर बोलण्यात हशील नाही.

आता गोदामाच्या बाजूचा हिशेब. इथं तुम्ही माझ्यापेक्षा तयार असाल, कारण मशीन वर्षातून किती तास चालतं यावर कारखाना जगतो, हे तुम्हाला कोणी शिकवायला नको. 1000 टन म्हणजे 10 लाख किलो, 60 पैशांनी महिन्याला 6 लाख. मुलांच्या तक्त्यात बहुधा याला 12 नं गुणून 72 लाख लिहिलेलं असेल, किंवा ‘80 टक्के वापर’ धरून 57-58 लाख. पण उन्हाळ कांदा बारा महिने नसतो. गोदाम एप्रिलमध्ये भरायला लागतं, जूनमध्ये गच्च होतं आणि भाव चढेल तसं सप्टेंबरपासून रिकामं होत जातं. खरिपाचा लाल कांदा टिकत नाही, तो थेट बाजारात जातो. महिन्यावार मांडू: एप्रिल 30 टक्के, मे 75, जून 90, जुलै 85, ऑगस्ट 70, सप्टेंबर 50, ऑक्टोबर 30, नोव्हेंबर 10, पुढचे चार महिने शून्य. बेरीज 440 टक्के, म्हणजे पूर्ण भरलेले 4.4 महिने. सहा लाखांनी गुणा, 26 लाख 40 हजार.

यात मी गोदाम चांगलं भरलं असंच धरलंय. आता खर्च. वीज, जनरेटरचं डिझेल, निवडीची टोळी, राखण, विमा आणि एक व्यवस्थापक मिळून वर्षाला 18 लाख धरा. तुम्हाला हा आकडा जास्त वाटला तर कमी करून बघा, माझ्या मते तो तंगच आहे. उरले 8 लाख 40 हजार. कर्ज 1 कोटी 10 लाख, 11 टक्क्यांनी पहिल्या वर्षाचं व्याजच 12 लाख 10 हजार. मुद्दल बाजूलाच, व्याजही सुटत नाही.

मग भाडं किती हवं? मुद्दल सात वर्षांत फेडायचं तर वर्षाला जवळपास 15 लाख 70 हजार. ते, व्याज आणि चालू खर्च मिळून पहिल्या वर्षाला 45 लाख 80 हजार. 10 लाख किलो गुणिले 4.4 महिने, म्हणजे 44 लाख किलो-महिने, यांनी त्याला भागा, 1 रुपया 4 पैसे येतात. पुन्हा शेतकऱ्याच्या क्विंटलकडे जाऊ. चार महिन्यांचं भाडं 416, वाहतूक-हमाली 90, एकूण 506 रुपये. ते 15 किलोंतून काढायचे तर भाव 33-34 रुपये लागतो. म्हणजे ज्या भाड्यात गोदाम जगतं त्यात शेतकरी मरतो, आणि ज्या भाड्यात शेतकरी येतो त्यात गोदाम. तुमच्या प्रस्तावातलं दुखणं हे आहे. ते सुटणारच नाही असं मी म्हणत नाही. नोव्हेंबर ते मार्च मका-सोयाबीन ठेवता आलं तर रिकामे महिने भरतील. पण कांद्यासाठी बांधलेल्या जाळीच्या भिंतींत उंदीर शिरतात, धान्याला वेगळी बांधणी लागते, आणि तो खर्च दीड कोटीत आहे का, हे विचारावं लागेल. बांधणी स्वस्त केली, कर्ज निम्मं केलं, किंवा शेतकऱ्याऐवजी व्यापारी गिऱ्हाईक धरला, तर गणित बदलतं. मुलांनी यातलं काहीतरी करून बघितलंय का, ते महत्त्वाचं.

भावाबद्दल त्यांनी काय गृहीत धरलंय, तेही उघडून बघा. तक्त्यात मागच्या पाच-सात वर्षांची सप्टेंबर-ऑक्टोबरची सरासरी घेतली असेल, तर ती फसवी आहे. कांद्याचा भाव पाऊस ठरवतो तितकाच दिल्लीही ठरवते. ऑगस्ट 2023 मध्ये निर्यातीवर 40 टक्के शुल्क लागलं, त्याच डिसेंबरात निर्यातच बंद झाली, मे 2024 मध्ये बंदी उठली पण 40 टक्के शुल्क राहिलं, सप्टेंबरात ते 20 वर आलं आणि 1 एप्रिल 2025 पासून काढलं गेलं. दीड-पावणेदोन वर्षांत इतक्या उलथापालथी. चाळीतल्या शेतकऱ्याला अशा अधिसूचनेनं भाव पडला तर तोटा होतो, पण वर भाड्याचं बिल येत नाही. गोदामात ठेवलेल्याला दोन्ही. पडलेल्या भावात तो भाडं बुडवून माल सोडून गेला, तर ते सडके कांदे काढायची मजुरी कोणाची? मला सादरीकरणात ‘सरासरी वर्ष’ नको असतं. भाव 12 रुपये आणि गोदाम निम्मं भरलेलं, असं एक वर्ष मांडून दाखवा म्हणावं. हप्ता त्या वर्षी कुठून भरणार, हे ज्याला सांगता येतं त्याच्याशी पुढचं बोलणं होतं.

संघाबद्दल तुम्ही ‘हुशार आहेत’ म्हणालात. असतीलच. मी पदव्या बघत नाही, रिकामी खुर्ची बघतो. या धंद्यात यंत्रं जमवणारा मिळतो, हिशेब मांडणाराही मिळतो. कमी असतो तो निवडीच्या टोळ्या ज्याच्या शब्दावर येतात असा माणूस. बँकेत असताना मी एका शेतमाल प्रकल्पाची शिफारस केली होती. तिघा भागीदारांपैकी गावातला एक जण गावकऱ्यांना ओळखायचा, माल त्याच्या नावावर यायचा. त्याचा हिस्सा पाच टक्के. दुसऱ्या हंगामात तो वैतागून निघून गेला आणि शीतखोल्या तशाच उभ्या राहिल्या. कागदांवर तेव्हा काहीच चुकलेलं नव्हतं, मीच हिश्शाचा रकाना नीट वाचला नव्हता. म्हणून तिघांना वेगवेगळं बसवून एकच प्रश्न विचारा: ऑगस्टमध्ये रात्री दोनला वीज गेली आणि जनरेटर चालू झाला नाही, तर गोदामावर कोण जाईल? तिघांचं उत्तर एकच नाव असलं आणि तो माणूस नाशकातल्या फ्लॅटवर न राहता गोदामाजवळ राहत असला, तर बरं लक्षण. नोकरी कोणी सोडली आहे, कोणी नाही, आणि मध्येच सोडून जाणाऱ्याचा हिस्सा परत येण्याचं कलम आहे का, हेही त्याच बैठकीत कळेल.

10 टक्क्यांना 25 लाख म्हणजे कंपनीची किंमत तुमच्या पैशासकट अडीच कोटी धरली. अजून एक हंगामही न केलेल्या कंपनीला मी ती देणार नाही. तुमच्या जागी असतो तर गोदामाला पैसे न देता हंगामाला दिले असते: चार-पाच लाख, भाड्याच्या शेडमध्ये 50 टन, वर सांगितलेल्या वजनाच्या अटींवर, आणि शेतकऱ्यांकडून खरंखुरं भाडं घेऊन. फुकट ठेवायला कोणीही देतो, त्यातून काही सिद्ध होत नाही. उरलेली रक्कम निकाल बघून. मात्र हे पैसे भाच्याकडं बघून कंपनीला उसने म्हणून देऊ नका. खासगी कंपनीला बाहेरच्या व्यक्तीकडून असं कर्ज घेता येत नाही, ते ठेव धरलं जातं. पुढे शेअरमध्ये बदलता येणाऱ्या कर्जाचा, म्हणजे परिवर्तनीय नोटेचा मार्ग आहे, पण तो मान्यताप्राप्त स्टार्टअपलाच, आणि त्यात एका माणसाकडून एका हप्त्यात किमान 25 लाख यावे लागतात. थोडी रक्कम टप्प्यानं द्यायची तर शेअर किंवा सक्तीनं रूपांतरित होणारे प्रेफरन्स शेअर घ्या, आणि कागद तुमच्याच सीएकडून बघून घ्या, त्यांच्या नव्हे.

एवढं करायच्या आधी एक काम आजच होण्यासारखं आहे. त्यांनी आतापर्यंत ज्यांचा माल चाचणीत ठेवला त्या शेतकऱ्यांची यादी मागा, नाव आणि माल ठेवल्या-काढल्याच्या तारखांसकट. शेवटपर्यंत थांबलेल्यांना सोडा. ज्यांनी मध्येच माल उचलून नेला त्यांना फोन लावा, आणि पुढच्या मे महिन्यात किलोमागे 60 पैसे देऊन पुन्हा ठेवाल का, एवढंच विचारा.